पाट साफ करायला मी एकटाच का जाऊ?

प्रश्न : आमच्या गावाला (धुळे जिल्हा) नदीवरच्या जुन्या दगडी बंधाऱ्याचा पाट आहे, लांबी साधारण 3 किलोमीटर, खातेदार 42. पावसाळा संपला की घरटी तीन दिवस साफसफाईला यायचं अशी पद्धत आहे. गेल्या वर्षी फक्त 16 घरं आली. माझं शेत पाटाच्या शेवटाला, मी दरवर्षी जातो आणि मलाच पाणी कमी मिळतं. वरचे लोक कांदा लावून बसतात, विहिरीवाले म्हणतात आम्हाला पाटाची गरजच नाही. भाऊ म्हणतो आपण पण जाणं बंद करू. काही जण म्हणतात आमदारांकडून सिमेंटचं अस्तरीकरण करून घेऊ, कटकटच मिटेल. मुलगी पुण्याला एमए करते, तिने राजकीय अर्थशास्त्राच्या निबंधाला आपलाच पाट घेतलाय. ती म्हणते पप्पा हा फ्री रायडर प्रॉब्लेम आहे, पुस्तकात लिहिलंय की असं होणारच. मी काय करू?
— एक शेतकरी

उत्तर :

दादा, आधी मुलीच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण ती बरोबर आहे पण अर्धी बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमचं उत्तर आहे.

पुस्तकातला हिशोब असा. तुमचे 42 गुणिले 3 म्हणजे 126 दिवसांचं काम. तुमच्याकडे मजुरी रोज 400 धरली तर एका घराचे तीन दिवस म्हणजे 1200 रुपये. आता एखादं घर आलंच नाही तर पाट किती कमी साफ होईल? 126 मधले 3, म्हणजे अडीच टक्के पण नाही. तेवढ्याने त्याच्या पाण्यात काही फरक पडत नाही आणि 1200 मात्र वाचतात, म्हणून तो घरी बसतो, आणि प्रत्येकाने हाच विचार केला की पाट गवताने भरतो आणि सगळ्यांचंच नुकसान होतं. मॅन्कर ओल्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1965 साली हेच मांडलं की गट मोठा असेल तर सगळ्यांच्या फायद्याचं काम सुद्धा आपोआप होत नाही. पण त्याने एक अट घातली होती ती लोक विसरतात. त्याचं म्हणणं होतं की गट लहान असेल, किंवा काही सक्ती असेल, किंवा जो काम करेल त्यालाच मिळेल असा काही वेगळा फायदा असेल तर काम होतं. म्हणजे "असं होणारच" हे त्याने लिहिलेलं नाही. 42 घरं, सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, कोण आलं कोण नाही हे संध्याकाळी अख्ख्या गावाला माहीत असतं, हा काही फार मोठा गट नाही.

मग 26 घरं का नाही आली? इथे तुम्ही एक गोष्ट धरून चाललाय की जो आला नाही तो फुकट्या. मला ते तपासून बघायचंय, कारण फुकट्या म्हणजे ज्याला फायदा मिळतो पण जो वाटा देत नाही तो. ज्याला फायदाच मिळत नाही त्याला फुकट्या म्हणता येणार नाही, आणि दोघांवरचे उपाय पण वेगळे असतात.

पाट तीन तुकड्यांत बघा. वरचा, मधला, शेवटचा, आणि सोयीसाठी प्रत्येक तुकड्यावर 14 खातेदार धरू. बंधाऱ्याच्या मुखाशी पुराचा गाळ-गोटा साचतो म्हणून वरच्या तुकड्याला मुखासकट 54 दिवसांचं काम, मधल्याला 36, शेवटच्याला 36, झाले 126. (हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.) आता विचार करा वरच्या 14 जणांना कुठल्या कामाचा फायदा होतो? फक्त मुखाचा आणि वरच्या तुकड्याचा. त्यांच्या खाली गाळ साचला तर त्यांचं काही बिघडत नाही. उलट खाली गवत वाढलं की पाणी तुंबून मागे चढतं, त्यांच्या बाऱ्यावर, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायच्या तोंडाशी, पाण्याची पातळी वाढते, म्हणजे खालचा पाट घाण राहिलेला त्यांच्या फायद्याचा पण ठरू शकतो. मधल्यांना वरचा आणि मधला असे दोन तुकडे लागतात, आणि तुम्हाला शेवटी असल्यामुळे अख्खा पाट लागतो.

ज्याला जेवढा पाट लागतो तेवढ्याचाच वाटा त्याने द्यायचा असं ठरवलं तर वरच्या तुकड्याचे 54 दिवस सगळ्या 42 घरांत वाटले जातील, मधले 36 दिवस खालच्या 28 घरांत आणि शेवटचे 36 फक्त तुमच्या 14 घरांत. हिशोब करून बघा, वरच्यांच्या वाट्याला घरटी सव्वा दिवस येतो, मधल्यांच्या अडीच आणि तुमच्या पाच. म्हणजे "घरटी तीन दिवस" या नियमात वरचा माणूस त्याच्या फायद्यापेक्षा पावणेदोन दिवस जास्त देतो आणि तुम्ही दोन दिवस कमी. वाचून राग येईल हे मला माहितीये, कारण पाणी तर तुम्हालाच कमी मिळतं. पण वरचा माणूस मनात हाच हिशोब करतो, फक्त तो बोलून दाखवत नाही.

मग हा नियम एवढी वर्षं कसा चालला? तुमच्या भागात फड पद्धत होती, पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याखालचं क्षेत्र सहसा चार फडांत वाटलेलं असायचं, एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पिकांची फिरवाफिरवी दरवर्षी व्हायची. बहुतेक कुटुंबांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. म्हणजे कोणी कायमचा वरचा नाही आणि कोणी कायमचा शेवटचा नाही. पाणी कमी असलं की या वर्षी किती फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवायचे आणि तोटा सगळ्यांच्या अंगावर सारखा पडायचा. शेतकऱ्याने स्वतः बारं उघडायचं नाही, पाणी पाटकरी द्यायचा, पिकाची राखण जागल्या करायचा, त्यांच्यावर हवालदार, आणि त्यांचा मोबदला सगळे शेतकरी मिळून द्यायचे. ज्याची जमीन वर पण आहे आणि खाली पण आहे त्याला अख्खा पाट साफ लागतो, मग सारखा वाटा घ्यायला कोणाची तक्रार नव्हती.

नंतर नद्यांवर वरती धरणं झाली, विहिरी झाल्या, वाटण्या आणि खरेदी-विक्री झाली, प्रत्येकाने आपापल्या मर्जीने पीक घ्यायला सुरुवात केली. फडाची रचना मोडली पण तीन दिवसांचा नियम तसाच राहिला. माझ्या मते तुमच्या गावातली माणसं बिघडलेली नाहीत, नियम ज्या जमिनीवर उभा होता ती जमीनच खालून निघून गेली.

आता विहिरीवाले. "आम्हाला पाटाची गरज नाही" असं जे म्हणतात त्यांच्यातल्या काहींची विहीर पाटाच्या कडेला असणार. मातीच्या पाटातून जे पाणी झिरपतं ते त्या विहिरींत उतरतं. पाट चालू असताना आणि बंद झाल्यावर आठ-दहा दिवसांनी विहिरीची पातळी दोरीने मोजा, जी विहीर पाट बंद झाला की झपाट्याने उतरते ती पाटाच्या पाझरावर जगते. दोन-तीन विहिरी पाटापासून लांबच्या पण मोजा, म्हणजे तुलना होईल. खरे फ्री रायडर गावात कोणी असतील तर ते हेच, आणि तेही बहुतेक नकळत, कारण पाझर डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या मुलीला सांगा की निबंधात इथे तीन वेगळ्या वस्तू आहेत त्या एकत्र करू नकोस. पाण्याची पाळी ही एकाने घेतली की दुसऱ्याला राहत नाही, आणि बारं बंद करून ती अडवता पण येते. साफ पाटाचा फायदा त्या तुकड्याखालच्या सगळ्यांना एकदम होतो, पण पाणी अडवता येतं म्हणून काम न करणाऱ्याला त्यातून बाहेर ठेवणं शक्य आहे, फक्त गावात वाईटपणा घ्यावा लागतो. आणि पाझर मात्र कोणालाच अडवता येत नाही, कुठल्या विहिरीत जायचं हे तुम्ही त्याला सांगू शकत नाही. पण एका विहिरीने उपसला की दुसरीला तो राहत नाही, म्हणून पुस्तकाच्या भाषेत तो सार्वजनिक माल नाही, सामायिक साठा आहे. पाळीच्या पाण्यावर भांडण होतं, साफसफाईवर अंगचोरी होते आणि पाझराचा तर कोणी हिशोबच मांडत नाही, तिन्हीला एकच औषध चालणार नाही.

भावाच्या बोलण्यावर येतो, की आपण पण बंद करू. मला त्याचा राग समजतो, पण तुम्ही बंद केलंत तर झळ कोणाला लागेल? वरच्याला काहीच कळणार नाही. तुमच्या शेजारच्या शेवटच्या तेरा घरांचं आणि तुमचं नुकसान होईल. तुमच्या श्रमाची वरच्यांना गरज आहे अशी पाटावर एकच जागा आहे, बंधाऱ्याचं मुख आणि त्यापुढचा वरचा तुकडा. तिथले 54 दिवस त्यांनी एकट्याने करायचे म्हटले तर घरटी चार दिवस लागतील. बोलणी करायची तर त्या जागेवर करा, शेवटचा तुकडा सोडून देऊन काही मिळणार नाही.

सिमेंटचा प्रश्न मी शेवटाला ठेवणार होतो पण तो इथेच येतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या कितीतरी पाटांचा अभ्यास केला. तिथे बरेच पाट शेतकऱ्यांनीच चालवलेले, बंधारे दगड, झाडोरा, मातीचे, दर पावसाळ्यात वाहून जाणारे. आणि काही ठिकाणी सरकारने किंवा परदेशी मदतीने पक्के बंधारे आणि अस्तर करून दिलेलं. बघणाऱ्याला वाटेल पक्क्या बांधकामाने शेवटच्याचं भलं होईल. पण त्यांना दिसलं असं की पक्कं बांधकाम आल्यावर बऱ्याच ठिकाणी वरच्या आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या पाण्यातली तफावत वाढली. कारण कच्चा बंधारा दरवर्षी उभा करायला वरच्यांना खालच्यांचे हात लागायचे आणि त्या बदल्यात वरच्यांना खाली पाणी सोडावं लागायचं. काँक्रीट झालं, हातांची गरज संपली, मग खालच्याला विचारतो कोण. तुमचा बंधारा आधीच दगडी आहे, म्हणजे तुमच्या हातात तसंही फार उरलेलं नाही, मुखाचा गाळ आणि वरचा तुकडा एवढंच. अस्तर वरून सुरू झालं (आणि ते नेहमी वरूनच सुरू होतं, पैसे संपेपर्यंत) तर तेही जाईल, आणि पाझर थांबून विहिरी उतरतील त्या वेगळ्याच. ही गोष्ट विहिरीवाल्यांच्या कानावर आत्ताच घाला. सिमेंटला सगळ्यात जास्त विरोध त्यांचा असायला हवा, आणि त्याच कारणासाठी कच्चा पाट चालू ठेवायला पैसे पण त्यांनी द्यायला हवेत. त्यांच्याकडून श्रम मागू नका, ते येणार नाहीत. विहिरीमागे एक ठराविक रक्कम मागा.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा, पाणी नक्की कुठे जातं ते मोजा. गावात प्रत्येकाचा अंदाज असतो आणि अंदाजावरून फक्त भांडणं होतात. एका सकाळी सगळी बारी बंद करून पाट चालू ठेवा आणि शेवटापर्यंत पाणी स्थिर वाहायला लागलं की मोजायला घ्या. सरळ वाहणारा 30 मीटरचा पट्टा मोजून दोन काठ्या रोवा, वरच्या काठीपाशी नारळाचं सुकं टरफल किंवा लाकडाचा तुकडा सोडा आणि खालच्या काठीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाईलवर बघा, तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. समजा मुखाजवळ पाणी 60 सेंटीमीटर रुंद आणि 30 खोल आहे आणि टरफलाला 60 सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला अर्धा मीटर, पण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जास्त पळतं म्हणून 0.8 ने गुणायचं, 0.4. रुंदी गुणिले खोली 0.18. दोन्हींचा गुणाकार 0.072, म्हणजे सेकंदाला 72 लिटर. मग तसंच शेवटाला मोजा. समजा तिथे रुंदी तेवढीच, खोली 20 आणि टरफलाला 100 सेकंद, तर येतात साधारण 29 लिटर. म्हणजे एकही बारं उघडं नसताना निम्म्याहून जास्त पाणी वाटेत गेलं. आता मधे दोन-तीन ठिकाणी मोजा. पाणी सगळीकडे थोडं थोडं कमी होत आलं असेल तर तो पाझर आणि गवत. पण एकाच शे-दोनशे मीटरमध्ये धाडकन कमी झालं तर तिथे खेकड्यांची नाहीतर उंदरांची बिळं, खचलेला भराव किंवा कोणीतरी गुपचूप टाकलेला पाइप आहे, आणि तिथे अख्खा पाट साफ करून काही उपयोग नाही, तेवढीच जागा दुरुस्त करायची. मोजताना वरच्या तुकड्यातली दोन माणसं सोबत असू द्या, नाहीतर आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

हे आकडे हातात घेऊन बैठक लावा आणि मागणी अशी ठेवा. शेवटच्या तुकड्याचं काम शेवटची 14 घरं आणि मधल्याचं खालची 28 घरं बघतील, वरच्यांना तिकडे बोलावणार नाही. मुखाचं आणि वरच्या तुकड्याचं काम मात्र सगळी 42 घरं करतील. या बदल्यात पाणी शेजपाळीने, म्हणजे ओळीने एकेका शेताला पाळी देत, शेवटापासून वर येईल. शेजपाळीत शेवटापासून सुरुवात करायची हा आपल्याकडचा जुना आणि सरकारी कालव्यांवर पण माहीत असलेला नियम आहे, म्हणजे तुम्ही काही नवीन मागत नाही. यात वरच्यांचे तीन दिवसांचे सव्वा होतात, तुमचे तीनाचे पाच होतात पण पहिली पाळी मिळते. मला विचाराल तर तुमच्या जागी मी हा सौदा घेईन, कारण आज तुम्ही तीन दिवस देऊन काहीच खात्रीचं मिळवत नाही. वरचे म्हणाले की शेजपाळी नको, तर मग जुना नियम राहील आणि त्यांनी पूर्ण तीन दिवस द्यायचे. दोन्ही नको असं त्यांना भर बैठकीत म्हणता येणार नाही.

बैठकीत अजून एक भांडण निघेल, घरटी की एकरी. एक एकरवाली विधवा बाई आणि आठ एकरवाला यांना सारखे दिवस लावले तर ती येणार नाही आणि तिचं बरोबरच आहे. एकरी लावा. बटाईने दिलेल्या जमिनीचं पण आधीच ठरवा, मालक म्हणतो वाटेकरी जाईल आणि वाटेकरी म्हणतो मालक जाईल, अशा जमिनी मोजल्यात तर न आलेल्या 26 मधली बरीच घरं त्यात सापडतील असं मला वाटतं. पाण्याची चिठ्ठी ज्याच्या नावाची त्याने वाटा द्यायचा, एवढा साधा नियम पुरतो.

जो येऊ शकत नाही त्याच्याकडून पैसे घ्या, पण त्या पैशातून सरसकट जेसीबी बोलावू नका. जेसीबी तळ खरवडून पाट खोल करतो, मग पाण्याची पातळी बाऱ्यांच्या खाली जाते आणि साफ पाटात पाणी असून शेतात चढत नाही. काठाचा मुरलेला भराव पण सुटतो. मुखाशी साचलेला दगड-गोटा काढायला चालेल, पुढे माणसंच लावा. दंड छोटा ठेवा. पहिल्या वेळी फक्त नाव वाचायचं, दुसऱ्यांदा मजुरीएवढे पैसे, तिसऱ्यांदा एक पाळी पुढे ढकलायची. पहिल्याच वर्षी पाणी तोडायची भाषा केलीत तर भावकीचं भांडण उभं राहील आणि पाट बाजूला राहील.

आणि पाटकरी. तुमच्याकडे आज पाटकरी नसेल तर शेजपाळी पहिल्याच रात्री मोडेल, कारण रात्री दोन वाजता वरचं बारं कोण उघडतं ते बघायला कोणीतरी लागतं. फिलिपिन्समध्ये झांजेरा नावाच्या जुन्या पाणी संस्था आहेत, तिथे पदाधिकाऱ्यांना मोबदला म्हणून जमीन देतात आणि ती मुद्दाम पाटाच्या शेवटाला असते, म्हणजे शेवटाला पाणी पोचलं नाही तर नुकसान त्यांचंच. मला ही युक्ती फार आवडते. तुम्हाला जमीन देता येणार नाही, पण पाटकऱ्याच्या पगाराचा अर्धा भाग शेवटच्या 14 घरांच्या सहीनंतरच द्यायचा असं करता येईल, पाळी पूर्ण मिळाली की सही. पगार मात्र सगळ्या 42 घरांनी द्यायचा, विहिरीवाल्यांचे पैसे पण त्यातच घाला.

कायद्याचं एक बघून ठेवा. महाराष्ट्रात 2005 चा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा आहे, त्यात पाणी वापर संस्थेच्या क्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक सभासद असतो आणि संचालक मंडळात वरच्या, मधल्या, शेवटच्या भागाला सारखी जागा असते. 42 घरांच्या बैठकीत आवाज मोठ्याचा चालतो, तिथे ही सारखी जागा तुमच्या कामाची आहे. तुमचा बंधारा कुठल्या प्रकल्पाखाली किंवा कुठल्या विभागाकडे नोंदलाय ते पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा, त्यावर तुम्हाला अशी संस्था करता येते की नाही ते ठरेल. नसेल करता येत तर ग्रामसभेच्या ठरावात शेजपाळी आणि वाट्याचा तक्ता लिहून घ्या.

राहिला आमदार निधी. तो येणारच असेल तर नाही म्हणू नका, पण मागणी बदला. अख्ख्या पाटाचं अस्तर मागू नका, मोजणीत जिथे पाणी धाडकन कमी झालं तेवढाच तुकडा पक्का करून मागा आणि उरलेल्या पैशात प्रत्येक बाऱ्याला लोखंडी झडप आणि तुकड्यांच्या हद्दीवर पाणी मोजायची पक्की चौकट मागा. आणि शेजपाळीच्या कागदावर वरच्यांच्या सह्या झाल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका, कारण सिमेंट वाळल्यावर सही करायला कोणी येत नाही. दसऱ्याच्या आधी बैठक झाली तर साफसफाई नवीन तक्त्याने करता येईल आणि कांद्याची लागण सुरू व्हायच्या आत पहिली शेजपाळी पण बघून होईल. मोजणीचे आकडे मुलीला पाठवा, तिच्या निबंधात वरची आणि शेवटची खोली तारखेसकट येऊ द्या.